शेठानीबाईचं दूध आन् सायबाची अंडी

खोटं कायले सांगू, मले अंडं करता येते असंच मी समजत होती. तांड्यावर कोंबड्या राखल्या, लेकरं अंड्यावर वाढवली. पन त्या चौऱ्याहत्तर सालच्या सायबानं माह्या डोक्याचं पार भरीत केलं बापा!

अनसिंगच्या डाकबंगल्यात मी रोजानं स्वयपाक करत होती. तलावाच्या मोजनीसाठी एक सायब दोन महिने राहाले आला. मानूस वाईट नव्हता. मोठ्यानं बोलत नव्हता, ताटात टाकत नव्हता. पन सकायी त्याले अंडे लागत, आन् तेही आपली भुर्जी नाही. कांदा नको, मिर्ची नको, हयद नको. म्हने, "रुपाबाई, नुसती अंडी फेटून, हलवून करा. मऊ पाहिजेत. ओलसर. कवडी दही मोडल्यासारखी."

आता अंडं ओलं खाते का कोनी? आमच्यात ओलं म्हनजे कच्चं, आन् कच्चं म्हनजे पोटदुखी. म्या पंपाचा स्टो पेटवला, लोखंडी तवा लाल केला, आन् चार अंडे फोडून चांगले खरपूस परतले. एक टिपूस ओलं ठेवलं नाही. सायबानं घास घेतला, चावला, अजून चावला.

"रुपाबाई, हे रबर आहे."

म्या म्हनलं, "सायब, शिजले हायत."

"शिजले नाहीत, मेले आहेत," तो म्हने. मंग ताट तिरपं करून दाखवलं तं बाजूले पानी जमलं होतं. तेच मले समजे ना. आत रबर आन् भाईर पानी, हे कसं होते वो? कोरडं बी तेच आन् ओलं बी तेच!

तिसऱ्या दिवशी सायबानं सरळ सांगतलं. येत्या रईवारी त्याचा वरचा सायब नाश्त्याले येनार होता. तवरोक अंडे जमले नाही तं अकोल्याहून खानसामा बोलावनार. घरधनी जाऊन चार वर्सं झाली होती. डाकबंगल्याचं काम गेलं असतं तं मले बी आमच्या तांड्यावरल्या कमलीबाईच्या टोळीसंगं ऊसतोडीले जा लागलं असतं. दोन लेकरं कोनाच्या दारात टाकू?

बंगल्याचा चपराशी होता बबनराव. त्याले दुनियेतलं सारं समजे, नुसतं सोताचं काम सोडून. मले म्हने, "अवं, तू मीठ आधी टाकून राह्यली ना? मिठानं पानी सुटते. काकडीचं पाय. मीठ शेवटी टाकाचं."

पटलं मले. काकडीले सुटते तं अंड्याले काहून नाही सुटनार? दुसऱ्या दिवशी मीठ शेवटी टाकलं. स्टो तसाच फुरफुरून राह्यला होता. पानी तं सुटलंच, वरून एका घासात मीठ कचकच आन् दुसऱ्या घासात काहीच नाही. सायबानं चहा पेला आन् उठला. बबनराव म्हने, "मंग तुहा हातच तसा असन." असा राग आला ना मले, उलथनं फेकून मारावं वाटलं त्याच्या टकुऱ्यात.

माहा भाऊ देवला वाशीमले आमलेटची गाडी लावे. त्याले इचारलं. तो छाती फुगवून म्हने, "बाई, आच तेज पाह्यजे. आन् दूध टाक दूध! अंडं फुगते, नरम होते. हाटेलात सारे दूधच टाकतात."

दूध म्हनलं आन् मी तिथंच अडली.

कारन बंगल्यावर दूध येत होतं ते पूनमचंद शेठच्या घरचं. गावातला गवळी आर्धं पानी घाले, सायबाचा चहा त्याच्यात फाटे. शेठजीच्या घरची गाय, शेठानी गुलाबबाई सोता धार काढे. जैनाचं घर ते. कांदा बी खात नाही, तं अंड्याची गोष्टच सोडा. मी तांड्यावरून अंडे आनो तवा त्याहीच्या दारावरून पदराखाली लपवून नेत होती. पह्यल्या दिवशीच गुलाबबाईनं मले गोठ्यात नेलं, गाईच्या पाठीवर माहा हात ठेवाले लावला आन् म्हने, "रुपा, दूध चहाले नेय, लेकराले पाज. पन अंड्यात, मटनात माह्या गाईचं दूध जाऊ नको देऊ. वासराच्या तोंडातलं काढून देऊन राह्यली मी." म्या शपथ घेतली. मंग रोज धार ओतताना ती हासत इचारे, "अंड्यात नाही ना?" म्या म्हनो, "नाही वं बाई."

आता एका बाजूले गाय आन् एका बाजूले अकोल्याचा खानसामा. शुक्करवारी सकायी म्या दरवाजा लोटून घेतला. चार अंडे फोडले, वाटीभर दूध त्याच्यात ओतलं. गाय माफ करो, म्हनलं, लेकराचा सवाल हाय. देवला म्हने तसा स्टो मोठा केला आन् घमेलं उपडं करावं तसं सारं तव्यावर सोडलं.

फुगलं बापा! मस्त फुगलं. मले वाटलं जितली. बशीत काढून सायबाच्या म्होरे नेऊस्तोवर ते सारं बसलं, आन् भवती पांढरं पानी. पह्यल्यापेक्षा दुप्पट पानी! चव बी पुळपुळीत. सायबानं बशी बाजूले सारली आन् कोरा पाव खाऊन कामाले गेला.

त्या दिवशी माह्या डोक्यात नुसता गोंधय झाला. मीठ आधी टाकलं तरी पानी, मंग टाकलं तरी पानी, दूध टाकलं तं आनखी पानी. बबनराव एक सांगे, देवला दुसरं सांगे. कोनाचं ऐकू? आन् सर्व्यात मोठं म्हनजे शपथ मोडली, ते कोनाले सांगू?

शनिवारी उजाडता उजाडता दोन अंडे फोडले. दूध तं टाकाचंच नव्हतं, पन सवयीनं मीठ आधीच टाकलं गेलं, मंग ध्यानात आलं की तेबी आधी नव्हतं टाकाचं. जाऊ दे, म्हनलं. फेटून ठेवलं आन् स्टो पेटवाले गेली तं रॉकेल नाही! त्या साली रॉकेलसाठी बी रांगा होत्या. मंग चुलीचं पाहू म्हनलं, आधी इरीवर जाऊन पानी घेऊन आली. पावघंटा तरी गेला असन. पायतो तं अंडं पातय आन् गर्द केसरी झालेलं. खराब झालं, म्हनलं. आता आपल्यालेच खा लागते.

चुलीत रातच्या इंगयावर राख बसलेली होती. त्याच्यावरच तवा ठेवला. ताव नावाले. थोडं लोनी टाकलं, अंडं ओतलं. काहीच होये ना. ना आवाज, ना फुगनं. म्या उलथनं तयाशी फिरवत बसली, दुसरं कराले होतं काय? मंग हयूहयू तयाले मऊ मऊ गठुल्या जमाले लागल्या. म्या फिरवतच राह्यली. अजून ओलं चमकत होतं, तितक्यात भाईरून सायबानं हाक मारली, आन् घाबरून म्या तवा खाली उतरवला. जाऊन आली तं तवा गरमच होता, आन् त्या गरमीनं राह्यलेलं बी जमलं होतं. पानी नाही. एक थेंब नाही!

बोटानं चाखलं. माय वं! मऊ, आन् मीठ साऱ्यात सारखं. तसंच बशीत घालून सायबाले नेलं. तो खात राह्यला, पावानं बशी पुसली.

"दूध किती घातलंत?"

"दूध नाही घातलं सायब."

"नाही? माझी आई चमचाभर घालायची. पण चमचाभरच, आणि मंद आचेवर. नाही घातलं तरी चालतं म्हणजे."

म्या चुलीजवय येऊन बसली. मंग सारं समजलं. आच तेज होती म्हनून अंडं आवळून येत होतं, कपडा पिळावा तसं आपलंच पानी भाईर टाकत होतं. तवा उतरवल्यावर बी शिजतच राहे, आन् मी तं पुरं शिजल्यावरच उतरवत होती. मिठाचा गुन्हा नव्हता. उलट मीठ आधी जिरलं तं अंडं नरमच राह्यलं. आन् दूध? चमचाभर खपून जाते. वाटीभर ओतलं तं ते बी पानीच व्हय, भाईरच येनार. म्हनजे शपथ मोडाची काही गरजच नव्हती. म्या कपायावर हात मारला.

रईवारी वरच्या सायबानं दोनदा मागून खाल्लं. खानसामा आला नाही. सायबानं दोन महिन्याचं काम पक्कं केलं. बबनराव साऱ्याले सांगत फिरे, "म्याच शिकवलं तिले."

सोमवारी दुधाले गेली. गुलाबबाईनं धार ओतताना रोजच्यासारखं हासत इचारलं, "अंड्यात नाही ना?"

रोज "नाही वं बाई" म्हनाची सवय, पन त्या दिवशी गाय माह्याकडे पाहून राह्यली होती की काय, तोंडून निघालं, "एक दिवस टाकलं बाई. शुक्करवारी. काम हातचं जाऊन राह्यलं होतं माह्यं."

गुलाबबाईचा हात थांबला. मी म्हनलं आता शिव्या देईन, गोठ्यातून हाकलन. तिनं इतकंच इचारलं, "मंग बरे झाले का ते?"

"नाही," म्या म्हनलं. "बिघडले. दुधाची गरजच नव्हती बाई. आच कमी कराची होती फकत."

ती म्हने, "म्हनजे दूधबी वाया आन् शपथबी वाया." आन् राह्यलेलं दूध माह्या गंजात ओतलं. कमी नाही, रोजच्याइतकंच.

मी येताना रडली बी आन् हासली बी. सुटली, म्हनलं. देवमानूस बाई!

मंगळवारी गेली तं गंज तिनं आतच नेला. मी दारात उभी. लय येळ झाला. घरातून पत्तीचा वास येत होता. मंग गुलाबबाई भाईर आली, कापडानं धरून गंज माह्या हातात देला. गरम होता. उघडून पायलं तं दुधात चहापत्ती आन् साखर टाकून उकयलेलं होतं.

"सायबाचा चहा व्हय," ती म्हने. "तूले तेवढीच मेहनत कमी."

आवाजात राग नव्हता. त्याच्यानंतर सायब त्याचे दोन महिने पुरे होईस्तोवर राह्यला, मी तिथं अजून सात वर्सं राह्यली, पन त्या घरातून मले कधी कोरं दूध भेटलं नाही.