अकरा पंचम

आमच्या घरी मागच्या खोलीला 'स्टुडिओ' म्हणायचं, असा बायकोचा नियम आहे. खोलीत एक टेबल, दोन स्पीकर, एक मॉनिटर आणि कपाट आहे. कपाटात कपडे नाहीत, गाद्या आहेत, आणि गाद्यांच्या मध्ये माणूस उभा राहून गातो. माझं तिथलं काम चहा देणं आणि विचारल्याशिवाय मत न देणं. पहिलं मी नीट करतो.

त्या मंगळवारी कपाटात बायकोची थोरली बहीण उभी होती. ताई बासष्टच्या. दोन दिवसांनी त्यांच्या गळ्यातल्या थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन होतं. आवाजाची नस तिथून अगदी जवळून जाते, तेव्हा नंतरच्या आवाजाची हमी देता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून ऑपरेशनआधी एक गाणं रेकॉर्ड करायचं होतं. ते अण्णांचं होतं.

अण्णा म्हणजे या दोघींचे वडील, वय शहाऐंशी. पूर्वी त्यांचा ऑर्केस्ट्रा होता. कार्यक्रम संपला की या दोघी व्हॅनमध्ये स्पीकरच्या खोक्यांवर आडव्या होऊन घरी यायच्या. धाकटी, म्हणजे माझी बायको, खोक्यांच्या प्रेमात पडली. थोरली गाण्याच्या. एकोणिसाव्या वर्षी थोरलीला स्टेजवर अण्णांनी स्वतः बांधलेलं एक गाणं मिळालं. चार कार्यक्रमांनंतर त्यांनी ते काढून दुसऱ्या गायिकेला दिलं. कारण एका शब्दात: "उतरते." म्हणजे सुराच्या खाली जाते. त्यानंतर ताई अण्णांसमोर कधी गायल्या नाहीत. स्वयंपाकघरात गायल्या, मुलांना झोपवताना गायल्या, माझ्या लग्नात पडद्यामागून गायल्या. समोर नाही.

"एकदा," ताई कपाटातून म्हणाल्या, "एकदाच त्यांना मी सुरात ऐकू येऊ दे. मग गळा राहो नाहीतर जावो."

"अभद्र बोलू नकोस," धाकटी म्हणाली. "आणि माइकपासून वीतभरच लांब राहा, तो तुला खाणार नाही."

पूर्वी ताई हे गाणं काळी पाचमध्ये म्हणायच्या, आता वयामुळे थोडं खाली, काळी चारमध्ये घेतलं. सोबत फक्त तानपुरा आणि तबला. तीनदा गाऊन झालं आणि चौथ्या वेळी गळाच बसला. तीनपैकी दुसरं रेकॉर्डिंग चांगलं होतं. त्यात जीव होता, आणि ते जरासं उतरलेलं होतं.

मला काही कळलं नव्हतं. मी म्हटलं, "झकास!"

"तुला झकासच वाटणार," बायको म्हणाली. "तुला फ्रिजचा आवाजही झकास वाटतो."

ताई ऑपरेशनला गेल्या. ते नीट पार पडलं, पण आवाज बसला आणि महिनाभर कुजबुजण्यापलीकडे बोलायची मनाई झाली. आता पुन्हा गाऊन घेण्याचा प्रश्नच नव्हता. अण्णांना रविवारी दुपारी जेवायला बोलावलं होतं. हातात होतं ते रेकॉर्डिंग आणि सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर.

पहिल्या दिवशी धाकटीने सोपा मार्ग धरला. सॉफ्टवेअरला गाण्याचे स्वर सांगितले, दुरुस्तीचा वेग पूर्ण वाढवला आणि सोडून दिलं. ते आपोआप प्रत्येक स्वर जवळच्या पट्टीवर नेऊन बसवतं, आणि तेही क्षणात. ताई षड्जावरून घसरत वर जात होत्या, तिथे आता पायऱ्या ऐकू येऊ लागल्या. स्वरातलं थरथरणं इस्त्री केल्यासारखं सपाट झालं. बँकेच्या फोनवर 'एक दाबा, दोन दाबा' सांगणाऱ्या बाईने भावगीत म्हणावं, तसं.

"सूर बरोबर आहे की," मी म्हटलं.

"सूर बरोबर आहे, ताई कुठे आहे?"

तिने वेग कमी करून पाहिला. बरं वाटलं, पण लांब स्वरांवर अजूनही कोणीतरी मागून कॉलर धरून उचलतंय असं वाटत होतं. शेवटी आपोआपचा नाद सोडून तिने एकेक स्वर हाताने घ्यायला सुरुवात केली.

पडद्यावर प्रत्येक स्वर म्हणजे एक लांबट ठिपका, रेघेच्या थोडा वर नाहीतर खाली. ठिपक्याच्या आत एक नागमोडी रेघ, तीच आवाजाची खरी चाल. धाकटीचे नियम कडक होते. ठिपका उचलायचा तो अख्खा, आतली नागमोडी तशीच ठेवून. एका स्वरातून दुसऱ्यात जाणारी घसरण वेगळी कापून ठेवायची, तिला हात लावायचा नाही. 'स', 'श', 'त' आणि श्वास, यांना सूर नसतोच, मग त्यांना ओढायचं कशाला? आणि कुठलाही स्वर थेट रेघेवर न्यायचा नाही, तीस खाली असेल तर वीस वर घ्यायचा. हा आकडा सेंटमध्ये. पेटीच्या एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंत शंभर सेंट धरतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला बोलावलं. हा मान मला वर्षातून दोनदा मिळतो. डोळे मिटून ऐकलं. यंत्र कुठेच नव्हतं. स्वच्छ, गोड, माणसाचा आवाज.

"छान झालंय," मी म्हटलं. "पण या कोण?"

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की मी चहाचा कप उचलून निघायच्या बेतात होतो. पण ती रागावली नव्हती. "मलाही तेच वाटतंय," ती म्हणाली. "कुठे बिघडलं तेच सापडत नाही."

मग तिने वही काढली. मूळ रेकॉर्डिंगमधला प्रत्येक लांब स्वर आणि तो किती सेंट खाली आहे, हे ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. हे काम मला जमतं. माझ्याकडे पाहुणे किती वेळा 'निघतो आता' म्हणून बसून राहिले, याचीही मोजदाद असते. तासाभरात दोन रकाने भरले. एक पंचमाचा: आठ, एकतीस, पंधरा, चाळीस, बावीस. कशाचा कशाला मेळ नाही. दुसरा कोमल गंधाराचा: चोवीस, तेवीस, पंचवीस, चोवीस, चोवीस.

मी पेन्सिल खाली ठेवली. "उतरणारा माणूस दर वेळी इतकाच कसा उतरेल?"

बायको वहीकडे पाहत राहिली. मग तिने कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई. हा तर अण्णांचा गंधार."

अण्णांच्या त्या गाण्यातला गंधार नेहमीच्या कोमलपेक्षा अजून खाली लागायचा आणि तिथे हलकेच झुलायचा. पेटीवर तो सापडत नाही, म्हणून अण्णा त्या जागी पेटी सोडून द्यायचे. सॉफ्टवेअरची पट्टी पेटीसारखीच. त्या रेघेजवळ नेऊन नेऊन धाकटीने गाण्यातला सगळा उदास गोडवा पुसून टाकला होता. आणि हा गंधार तिने लहानपणी शंभरदा ऐकलेला!

"डोळ्यांनी काम केलं," ती म्हणाली. "पडद्यावर ठिपका खाली दिसला की उचल. कान काय भाड्याने दिले होते मी?"

तिने सगळे गंधार मूळ जागी नेऊन ठेवले. मग पडदा बंद केला, तानपुरा लावला आणि फक्त ऐकत बसली. कानाला खटकतील तेवढेच स्वर घ्यायचे. अकरा निघाले. अकराच्या अकरा पंचम, आणि जवळजवळ सगळे एकाच लांब ओळीच्या शेवटी: 'वळणावरून वळून पाहता गाव मागचे धूसर होते'. त्या 'होते'वर ताईंचा दम संपत होता. तिने ते अकरा हळूच वर घेतले. सुरुवात थोडी खालीच ठेवली, म्हणजे आवाज खालून स्वराकडे चढतोय असं वाटावं.

मग तिने मला पुन्हा ऐकवलं. मला व्हॅन आठवली, ज्या व्हॅनमध्ये मी कधी बसलोच नव्हतो.

रविवारी अण्णा आले. काठी, टोपी आणि 'जेवण नंतर, आधी काय ते ऐकवा' ही घाई. ताई गळ्याला रुमाल बांधून दाराजवळच्या स्टुलावर बसल्या. अण्णांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तरी तिथेच.

गाणं सुरू झालं. अण्णांनी डोळे मिटले. पहिल्या गंधारावर त्यांची मान हलली. लांब ओळ आली तेव्हा मी ताईंकडे पाहिलं, तर त्यांनी श्वास धरून ठेवला होता. पंचम आला, लागला, टिकला. संपलं.

"परत लाव," अण्णा म्हणाले.

दुसऱ्यांदा संपल्यावर ते स्टुलाकडे वळले. "हा गंधार तुला कोणी शिकवला? मी तर चारच कार्यक्रमांत तुला स्टेजवर बसवली."

"बसवलीत ना, विंगेत," ताई कुजबुजल्या. "तिथून ऐकला. तीन वर्षं."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग धाकटीकडे बघून म्हणाले, "पंचमाला हात लावलायस."

धाकटीचा चेहरा पडला. ताईंनी मान खाली घातली. बासष्ट वर्षांची बाई एका क्षणात एकोणिसाची झाली.

"लावलाय," धाकटी म्हणाली. "अकरा ठिकाणी. यंत्रासारखं वाटतंय का?"

"नाही. यंत्र कुठे दिसत नाही. पण त्या जागी ती उतरायचीच. सगळेच उतरायचे. तिच्यानंतर आली ती बाईही उतरायची. तिला मी कधी बोललो नाही, ती परकी होती ना." त्यांनी काठी गुडघ्यांमध्ये उभी केली. "वही आण. गाण्याची."

धाकटीने तिच्याकडे असलेली ऑर्केस्ट्राची जुनी वही आणली. अण्णांनी चष्मा चढवला, ती ओळ शोधली आणि बोट ठेवून तोंडातल्या तोंडात म्हटली. 'धूसर'पर्यंत पोहोचता पोहोचता त्यांचा दम संपला. थांबले. पुन्हा म्हटली, पुन्हा तिथेच थांबले.

"एवढ्या लांब ओळीत श्वासाला जागाच नाही ठेवली मी," ते म्हणाले. "चाल माझी चुकली, आणि गाणं काढून घेतलं हिच्याकडून."



"त्रेचाळीस वर्षं लागली हे कळायला?" ताई कुजबुजल्या. कुजबुजताना टोमणा मारणं अवघड असतं, पण त्यांनी मारला.

"तेव्हा पोटभर दम होता गं मला. म्हाताऱ्याला कळतं, दम कुठे संपतो ते." त्यांनी माझ्याकडे हात केला. "जावईबापू, पेन्सिल द्या."

दिली. 'पाहता'नंतर त्यांनी एक छोटीशी तिरकी रेघ ओढली. 

"इथे श्वास घे," ते ताईंना म्हणाले. "महिना झाला की डॉक्टरांना विचार आणि मला गाऊन दाखव. आवाज जाडा येऊ दे, घोगरा येऊ दे. हे यंत्रातलं आहे तसंच राहू दे, त्याला काही करू नका. पण मला समोर बसून ऐकायचंय."

ताईंनी मान हलवली. मग उठून आल्या आणि अण्णांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या. वही मांडीवर घेऊन, ओठ न उघडता, ती ओळ बोटाने मोजू लागल्या.