सहाव्या नंबरचं गाव

प्रभुलिंगअण्णांच्या हातात कागद पडला की आधी आकडे घाबरतात, असं सोलापूरच्या त्या आरोग्य कार्यालयात म्हणत. अण्णा तिथं सांख्यिकी सहायक. कॅल्क्युलेटर टेबलावर असे, पण त्यावर पानसुपारीची पुडी ठेवलेली असे. आकडा दिसला की ते तीनच गोष्टी विचारत: केवढं? कशाच्या मानानं? कधी?

यात्रेच्या पत्रकावर कुणी छापलं होतं, 'दहा हजार भक्तांस महाप्रसाद, दोन क्विंटल तांदूळ.' अण्णा म्हणाले, "माणशी वीस ग्रॅम. भक्त जेवले का नुसती अक्षता टाकून गेले?" एका संस्थेच्या स्मरणिकेत संस्थापकांचा जन्म १९३१ आणि मॅट्रिक १९३९. अण्णांनी पेन्सिलीनं शेजारी लिहिलं, 'आठव्या वर्षी? अभिनंदन.' स्मरणिका परत आली, पण त्यानंतर त्या संस्थेनं अण्णांना चहाला बोलावलं नाही.

मे महिन्याचा पहिला सोमवार. सकाळी नऊलाच खिडकीची लोखंडी कडी हाताला चटका देत होती. चंद्रव्वा आली. अक्कलकोटच्या पुढं, जिथं मराठी बोलता बोलता कानडीत उतरते तिथल्या कडबहळ्ळी उपकेंद्राची ती कंत्राटी नर्स. अकरा वर्षं झाली. बगलेत लाल कापडात गुंडाळलेलं रजिस्टर, देवीचा मुखवटा न्यावा तसं. तिनं एक कागद अण्णांपुढं ठेवला.

"नोडरी अण्णा. बघा काय लिवलंय."

कारणे दाखवा नोटीस होती. वर्षभरातील गरोदर मातांच्या नोंदणीचे उद्दिष्ट ११२८. साध्य ७१. टक्केवारी ६. कामात अक्षम्य हयगय. सोमवारच्या बैठकीत समाधानकारक खुलासा न झाल्यास करार पुढे वाढवला जाणार नाही.

"बैठक बाराला हाय," चंद्रव्वा म्हणाली. "सहा टक्के! अण्णा, माझ्या गावातल्या कुठल्या सुनंला कधी उलटी झाली ते तिच्या सासूच्या आदी मला कळतंय."

"ते खरं. रजिस्टर उघड."

"माझं कशाला? नोटीस बघा की त्यांची."

"आधी तुझं. तुझा आकडा लंगडा असला तर त्यांच्याकडं बोट कसं दाखवू?"

अण्णांनी पानं उलटायला सुरुवात केली. शेवटच्या पाळीची तारीख, बाळंतपणाची तारीख. ते दोन तारखांमधलं अंतर नुसतं डोळ्यानं मोजत होते. नऊ महिने, वर आठवडा. नऊ महिने. साडेआठ. नऊ. बोट एका ओळीवर थांबलं.

"पाळी दोन ऑगस्ट. बाळंत तीन नोव्हेंबर. बाळाचं वजन दोन किलो आठशे." अण्णांनी चष्मा वर केला. "तीन महिन्यांत मेथीसुद्धा एवढी भरत न्हाय, चंद्रव्वा."

चंद्रव्वाचा चेहरा उतरला. "खोटी न्हाय ती नोंद."

"खोटी म्हणत न्हाय. विचारतोय."

तिनं ओळ वाचली आणि कपाळावर हात मारला. "दानेश्वरी! आमच्या मठाशेजारच्या गंगम्माची लेक. इंडीकडं दिली. पयलं बाळंतपण म्हणून सातव्यात माहेरी आली. दोन ऑगस्टला मी घरी गेले, त्याच दिवशी नोंद केली, आणि तारीख चुकून पाळीच्या खान्यात पडली."

"सासरी नोंद झाली होती?"

"व्हय. तिकडचं कार्ड घेऊनच आली होती."

"मग ती तिकडं मोजली गेली. आणि तू हितं पुन्हा मोजलीस."

माहेरपणाला आलेली लेक दोन्ही गावांची असते, पण टक्केवारीला एकच गाव लागतं. बाकीच्या लेकी आल्या तशाच गेल्या होत्या, त्यांच्यापुढं तिनं 'नोंद सासरी' असं लिहिलं होतं. हीच एक राहिली होती. नोकरी जायच्या दिवशी आपल्याच हातानं आकडा कमी करायचा, हे तिला जड गेलं. पण तिनं पेन मागितलं, ओळीवर सरळ रेघ मारली, बाजूला सही केली. एकाहत्तरचे सत्तर झाले.

"आता त्यांचं बघू," अण्णा म्हणाले. "अकराशे अठ्ठावीस. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट. म्हणजे तुझ्या गावात रोज तीन बायका गरोदर राहत्यात. रविवारी आणि अमावस्येला धरून."

"अगं बाई!"

"उद्दिष्ट काढायची रीत ठरलेली हाय. हजार लोकसंख्येला सोळा जन्म, वर दहा टक्के धरायचे. अकराशे अठ्ठावीसमधनं ते दहा टक्के काढले की हजार पंचवीस जन्म. हजारी सोळानं एवढे जन्म व्हायला लोक किती लागतील?" त्यांनी छताकडं पाहिलं. छताला पंखा होता, तो उत्तर देत नव्हता. "चौसष्ट हजार. अक्कलकोट शहर चाळीस-पंचेचाळीस हजारांचं. तुझं कडबहळ्ळी त्याच्या दीडपट. तिथं एसटी स्टँड तरी हाय का?"

"पिंपळाचं झाड हाय."

"घरं किती?"

"आठशे वीस. पोलिओला मीच दारावर खडूनं आकडे टाकलेत."

"चौसष्ट हजार भागिले आठशे वीस. एका घरात अठ्ठ्याहत्तर माणसं."

चंद्रव्वा पहिल्यांदा हसली. "आमच्याकडं चार पाहुणे आले तर मालक अंगणात झोपत्यात."

अण्णा उठले आणि चंद्रव्वाला घेऊन शेजारच्या खोलीत गेले. तिथं श्रीदेवी बसायची. सगळ्या उपकेंद्रांची माहिती संगणकात भरायचं काम तिचं. बैठकीत जो तक्ता भिंतीवर दाखवत, त्यात फक्त उपकेंद्राचं नाव, टक्केवारी आणि रंग असे. तांबडा रंग दिसला की साहेब ओरडत. तांबडा कशावर चढलाय, ते कुणी विचारत नसे.

"श्रीदेवी, कडबहळ्ळी ज्या आरोग्य केंद्राखाली येतं, त्याची सगळी उपकेंद्रं दाखव. लोकसंख्येसकट."

तक्ता उघडला. सहा ओळी. पहिल्या उपकेंद्राची लोकसंख्या १५२००, टक्केवारी तेहतीस. दुसऱ्याची २३९००, सोळा. मग ३४६०० ला तेरा, ४५००० ला अकरा, ५४३०० ला आठ. सहावं कडबहळ्ळी, ६४१००, सहा.

"नोटिसा सगळ्यांना निघाल्यात," श्रीदेवी हळूच म्हणाली. "साहेब म्हणाले, यादीत जसजसं खाली जावं तसतशा बाया जास्त आळशी."

"आळस यादीच्या क्रमानं येत न्हाय गं. बेरीज कर."

"दोन लाख सदतीस हजार शंभर."

"एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली लोक साधारण किती असतात?"

"तीस हजार." श्रीदेवीचा हात कळफलकावरच राहिला. मग ती प्रत्येक लोकसंख्येचा पहिला आकडा वाचत खाली गेली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. "अण्णा... हे तर अनुक्रमांक हायेत."

केंद्राकडून यादी आली होती तिच्यात कडबहळ्ळीची ओळ अशी: सहा, मग थोडी मोकळी जागा, मग ४१००. संगणक मोकळी जागा घेत नाही, तेव्हा सगळ्या मोकळ्या जागा काढून टाका, असा वरून आदेश होता. श्रीदेवीनं आदेश पाळला. सहाव्या नंबरचं गाव साठ हजारांनी वाढलं. एकही पाळणा न हलता.

"चार हजार शंभर," अण्णा म्हणाले. "सोळानं पासष्ट-सहासष्ट जन्म, वर दहा टक्के. बहात्तर. आणि चार हजार शंभरला आठशे वीस घरं, घरटी पाच माणसं. आता गाव गावासारखं दिसतंय."

चंद्रव्वानं दाराच्या चौकटीला टेकून डोळे मिटले आणि पोरांना डोस पाजताना गुणगुणते तसं स्वतःशीच म्हणाली,

"सहावं माझं गाव बाई, आठशे वीस घरं,
घरात माणसं पाच, एवढंच ग खरं."

श्रीदेवीला रडू आलं. अण्णांनी तिला पुडीतली सुपारी दिली. त्यांच्याकडं तेवढंच होतं.

बाराला बैठक होती. अण्णा पावणेबाराला साहेबांच्या, म्हणजे कार्यालयप्रमुख डॉ. शिवलिंगप्पांच्या खोलीत गेले, मागून चंद्रव्वा. साहेबांनी दुरुस्त तक्त्याचा कागद पाहिला, पंखा वाढवला, पुन्हा पाहिला.

"म्हणजे मी चुकीच्या आकड्यावर सहा नोटिसा काढल्या?"

"व्हय, साहेब."

"हे बैठकीत सांगायचं?"

"त्याशिवाय पुढच्या महिन्यात कडबहळ्ळी पुन्हा चौसष्ट हजारांचं होईल."

साहेबांनी नोटीस उचलली. एकदम त्यांचा चेहरा उजळला. "हिच्यावर तारीख बघा. एकतीस एप्रिल. एप्रिलला तीसच दिवस! मग नोटीस तांत्रिकदृष्ट्या निघालीच नाही. ही मी रद्द करतो, सिस्टर. करार वाढला समजा. तक्त्याचं पुढं बघू."

तारीख अण्णांनी सकाळीच पाहिली होती. कारकुनानं महिनाअखेर म्हणून एकतीस टाकली होती. पण तो विषय अण्णांनी मुद्दाम काढला नव्हता, कारण तारखेनं नोटीस मरते, आकडा मरत नाही.

चंद्रव्वा उभीच राहिली. "साहेब, माझी रद्द केली. बाकीच्या पाचजणींच्यावर तारीख कोणती हाय?"

साहेबांनी फाईल उघडली. त्या नोटिसा आदल्या दिवशी निघाल्या होत्या आणि त्यांच्यावरची तारीख अस्सल होती.

"तर मग त्यांचं गाव तेवढंच ऱ्हाणार? तांबडं? पयल्या नंबरच्या नागम्माला दोन लेकरं हायेत. तिचा नवरा कुर्डुवाडीत रेल्वेचं काम शिकतोय, पगार हिचा एकटीचाच." तिनं रजिस्टर टेबलावर ठेवलं. "मी बी चुकले होते साहेब. एक लेक दोनदा मोजली. हितं रेघ मारलीय, सही केलीय. मला काय झालं? काय न्हाय झालं. हात बी दुखला न्हाय."

साहेबांनी ती रेघ पाहिली, तिच्या बाजूची सही पाहिली. मग घंटी वाजवून श्रीदेवीला बोलावलं.

"सहाही नोटिसा रद्द करायचं पत्र घ्या. लोकसंख्या दुरुस्त. कारण... अनुक्रमांक लोकसंख्येस चिकटल्यामुळे. चूक या कार्यालयाची."

श्रीदेवी लिहू लागली. "साहेब, संदर्भात कडबहळ्ळीच्या नोटिसीची तारीख काय लिहू?"

साहेबांनी अण्णांकडं पाहिलं.

"जी आहे तीच लिही," अण्णा म्हणाले. "एकतीस एप्रिल. पत्र कशाचं आहे ते पुढच्या माणसाला कळायला पाहिजे."

बैठक साडेबाराला सुरू झाली. भिंतीवरचा तक्ता हिरवा झाला. कडबहळ्ळीपुढं सत्त्याण्णव आला. साहेबांनी त्याकडं जरा वेळ पाहिलं आणि सवयीनं म्हणाले, "सत्त्याण्णव? सिस्टर, शंभर का नाही?"

चंद्रव्वानं तोंड उघडलं, पण अण्णा आधी बोलले.

"नेमके शंभर असते साहेब, तर खोट्या नोंदीची नोटीस मीच लिहिली असती."