फॉल्स सीलिंगवरचा स्टँड

छताला पुलीवर टांगायचे कपड्यांचे स्टँड बसवता बसवता महिपतला आदिलाबादेत नऊ वर्षं झाली होती. एवढ्या काळात त्याचं एक मत पक्कं झालं होतं: शिकलेल्या माणसाइतकं अडाणी कोणी नाही. तहसील कचेरीतून रिटायर झालेल्या व्यंकटरावांच्या बाल्कनीत पाऊल टाकलं आणि ते मत आणखी घट्ट झालं.

बाल्कनीला चकचकीत पीव्हीसी पट्ट्यांचं फॉल्स सीलिंग. खाली सहा स्टीलच्या दांड्यांचा स्टँड, मोबाइलवरून मागवलेला. खोक्यावर 'पन्नास किलो' छापलेलं. शेजारी नायलॉनच्या जाड दोरीचं भेंडोळं, व्यंकटरावांनी स्वतः निवडून आणलेलं.

"साहेब, पन्नास किलो मंजे सहा दांड्या मिळून," महिपत म्हणाला. "एका दांडीले आठ किलो धरा. अन् कपडा ओला झाला की वजन दुपटीनं वाढते. ही दोरी पुलीच्या खाचीत बसनार नाई, घासंल. नायलॉन ओलं झालं की ताणतेही. विणलेली पॉलिस्टर घ्या, बारीक."

"जाड दोरी मजबूत असते, एवढं मला कळतं."

"अन् या पट्टीले स्क्रू मारून चालत नाई. वर स्लॅब हाये, त्यात अँकर बोल्ट ठोका लागते. त्यासाठी सीलिंग उतरवा लागंल."

व्यंकटराव हसले. "तीस साल कचेरीच्या मिसली-फायली तपासल्या मी. तुझ्यासारखे कामवाढवे रोज येत होते. गुपचूप मारून दे स्क्रू."

आतल्या दारात त्यांची बायको रमाबाई ओल्या कपड्यांची बादली घेऊन उभ्या होत्या. महिपतनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मर म्हाताऱ्या, म्हणाला तो मनात. पडू दे डोक्यावर, मग उतरंल मस्ती. आणि त्यानं पट्टीमागच्या पातळ पत्र्याच्या चॅनलला चार-चार स्क्रू मारून पुल्यांची दोन्ही ब्रॅकेट बसवली, जाड दोरी कशीबशी ओवली, भिंतीवर हुक ठोकला. पैसे घेऊन जिना उतरताना तो शीळ घालत होता.

आठव्या दिवशी सकाळी त्याच इमारतीतल्या सुनयनाताईंचा फोन आला. त्यांच्या बाल्कनीतला स्टँड त्यानंच दोन वर्षांपूर्वी बसवलेला. "महिपत, व्यंकटरावांचा स्टँड काल पडला. रमाकाकूंचं खांद्याचं हाड मोडलं."

तो आला तेव्हा पट्ट्या लोंबत होत्या. ब्रॅकेटला चॅनलचा वाकडा तुकडा तसाच अडकलेला. स्टँड पडला तेव्हा दोन ओल्या जाड चादरी एकाच दांडीवर टाकून रमाबाई दोरी ओढत होत्या. दोरी खाचीत अडकली, त्यांनी हिसका दिला, आणि ब्रॅकेट सगळ्या दांड्यांसकट खाली आलं.

"हे तुझं काम!" व्यंकटराव ओरडले. "नालायक! तुझी तक्रार करतो!"

महिपतला उत्तर तयार होतं. सांगितलं होतं, ऐकलं नाही, भोगा. तो तोंड उघडणार, तेवढ्यात गळ्यात हात अडकवलेल्या रमाबाई बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलंही नाही.

"तुमाले ठाऊक होतं का, हे पडंल मनून?"

"होतं," महिपत म्हणाला. "साहेबाले सांगतलं होतं."

"साहेबानं कदी एक रुमाल तरी वाळू घातला का? कपडे मी घालते. मी दारातच उभी होते. मले काऊन नाई सांगतलं?"

व्यंकटरावांची हेटाळणी करता करता आपण कुणाच्या डोक्यावर स्टँड टांगला, हे महिपतनं पाहिलंच नव्हतं. नऊ वर्षांत मिरवलेली सगळी हुशारी त्याला थुंकून टाकावीशी वाटली. त्या घमेंडखोर म्हाताऱ्याची किळस येत होतीच. आता आपलीही आली.

त्यानं सगळं सीलिंग उतरवलं. व्यंकटराव "नासधूस, नासधूस" म्हणत आत-बाहेर करत राहिले. प्लास्टरच्या पार, काँक्रिटमध्ये खोलवर भोकं पाडून, धूळ फुंकून त्यानं अँकर बोल्ट कसले. बारीक विणलेली पॉलिस्टर दोरी आणली आणि प्रत्येक दांडी दोन्ही टोकांना सारखी येईपर्यंत गाठी सोडल्या-बांधल्या. मग दर दांडीला पाण्यासकट आठ किलो भरेल अशी बादली टांगून, वर ओढून, दोन तास तशीच ठेवली.

"काकू, जड चादर दोन दांड्यांवर पसरून टाका. दोरी कुठं झिजली दिसली तर लगेच फोन करा," तो म्हणाला. या वेळी त्यांच्याकडे बघून.

"पैशे किती?" व्यंकटरावांनी विचारलं.

"तुमच्यासंग बोलत नाई मी," महिपत म्हणाला.

रमाबाईंनी बऱ्या हातानं दोरी सैल केली. दांडी सरळ खाली आली. "बरी झाली," त्या म्हणाल्या. पण 'या, बसा, चहा घ्या' असं काही म्हणाल्या नाहीत. महिपतनं ड्रिल पिशवीत घातलं आणि तो निघाला.