सतरा नंबरचा टॅग

पडताळणीचा दिवस. संगणक प्रयोगशाळा, वीस यंत्रं. ताबा: योगिनी मॅडम. समिती: मी, म्हणजे भौतिकशास्त्राचा शेखर, आणि ग्रंथालयातले खलीलभाई.

मॅडमना संस्थेच्या कळवणच्या कॉलेजात बढती मिळालेली. उद्या तिथे हजर व्हायचं, नाहीतर यादीतलं पुढचं नाव. आणि मी ताबा-यादीवर सही केल्याशिवाय इथून सुटका नाही.

दाराजवळून सुरुवात केली, म्हणजे उलटी.

अ. क्र. २०. यंत्रावर चिकटवलेला बारकोडचा टॅग बरोबर. मागच्या बाजूला कंपनीचा सिरीयल नंबर, तोही रजिस्टरशी जुळतो. शेरा: ठीक.

अ. क्र. १९, १८. ठीक, ठीक.

अ. क्र. १७. टॅग बरोबर. सिरीयल नंबर जुळत नाही.

खलीलभाईंनी यंत्र सुरू करून आतला नंबर काढला. तोही वेगळाच. रजिस्टरमध्ये सतरा म्हणजे दोन हजार बावीसचं नवं यंत्र. समोर होतं ते जुनं, चार जीबीचं.

"सर, हे हळू चालतं म्हणून मी दोनदा दुरुस्तीची चिठ्ठी दिलीय," मॅडम म्हणाल्या.

"दोनदा," मी म्हटलं.

"तारखा हव्यात का?"

त्यांनी फाईल काढली. दोन्ही चिठ्ठ्या होत्या. नोव्हेंबर, जानेवारी. इतकं नीट कोण ठेवतं? ज्याला पुढे दाखवायचं असतं तो.

त्यांच्या भावाचं देवळाली कॅम्पात संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. मी पेनचं टोपण काढलं. का काढलं, ते त्यांना कळलं.

शेरा, पेनने: *नवे यंत्र बदलल्याचा संशय. ताबेदाराकडून खुलासा घ्यावा.*

आणि पडताळणी तिथेच थांबवली.

(मधली रिकामी ओळ. इथे काहीच लिहिलेलं नाही.)

मॅडम खिडकीपाशी उभ्या. खलीलभाई चहा घेऊन आले. तीन कप आणलेले, तिसरा कोणी उचलेना.

"शेखरसर, उरलेली बघायची ना?"

"कशाला? सापडलं ते सापडलं."

"सापडलं नाहीये सर, हरवलंय. सापडल्यावर बोलू."

मी सतराकडे परत वळलो. टॅग उचकटून पुन्हा चिकटवला असेल, तर तो पुरावा मला हवा होता. नखाने कोपरा उचलला.

खाली हळद. चिकटपट्टीच्या आतल्या अंगाला पिवळी पूड, आणि कुंकवाचा एक ठिपका. वरून पट्टी स्वच्छ.

म्हणजे टॅग निघाला, मग हळद-कुंकू लागलं, मग टॅग बसला.

"खंडेनवमी," खलीलभाई म्हणाले.

अ. क्र. १७, पुन्हा. कुसाबाईंना बोलावलं. त्या पंधरा वर्षं कॉलेज झाडतात, कोणालाच घाबरत नाहीत.

"पूजेला दोन डबे टेबलावर घेतले व्हते. एक जुना, एक नवा. त्याच्यावरची पट्टी मी काढली, पूजेनंतर लावली."

"कोणी सांगितलं काढायला?"

"तुमीच."

"मी?"

"तुमीच तर पूजेला बसले व्हते सर. म्हणले, कुसाबाई, स्टिकरला कुंकू लागता कामा नये, त्या रेघा मशिनला वाचता येत नाय. मंग मी काढल्या. नाय लागू दिलं."

आठवलं. अगदी त्याच शब्दांत आठवलं. मी तेव्हा हुशारी केली म्हणून खूशही होतो.

"कुठली पट्टी कुठल्या डब्याची, हे बघितलं होतं का?"

"मला काय वाचता येतं का सर? डबे तुमीच जागेवर न्यायला लावले, पट्टीवरचा आकडा बघून."

अ. क्र. ३. टॅग तीन. सिरीयल नंबर: सतराचा. नवं यंत्र, कोपऱ्यातल्या जागेवर, झेंडूची एक वाळकी पाकळी अजून मागच्या फटीत. मी उलट्या बाजूने आलो नसतो, किंवा आलो तरी थांबलो नसतो, तर तासाभरात सापडलं असतं.

बाकी सगळी ठीक. टॅग अदलाबदल करून बसवले. खलीलभाईंनी दोन्ही नंबर पुन्हा तपासले. मी सतराचा शेरा खोडला. एक रेघ, सही, तारीख. व्हाइटनर इथे चालत नाही. ताबा-यादीवरही सही केली.

मॅडमनी यादी घेतली नाही. रजिस्टर ओढून घेतलं.

"सर, रेघेखालचं वाचता येतंय."

"तसंच असतं मॅडम. खोडलेलं वाचता यायलाच हवं."

"मग का खोडलं, तेही वाचता यायला हवं. मी कळवणला असेन. पुढच्या वर्षी हे पान उघडणारा मला विचारायला येणार नाही."

"साडेपाचची गाडी आहे तुमची."

"असू दे."

शेऱ्याची ओळ अरुंद असते. मी बारीक अक्षरात लिहिलं: *खंडेनवमीच्या पूजेत टॅग काढून अदलाबदल. काढण्याची सूचना निम्नस्वाक्षरीकाराची. ताबेदाराचा दोष नाही.*

त्यांनी दोनदा वाचलं. मग मोबाईलवर फोटो काढला. मग आणखी एक, जवळून.

"एवढ्यावरही विश्वास नाही?" मी विचारलं.

"तुम्हीच शिकवलंत सर, आत्ताच," त्या म्हणाल्या, आणि यादी घडी करून पर्समध्ये ठेवली.