इंजिन कंपनीची बैठक

"साहेब, बैठक आमच्याच कार्यालयात घेणार ना?" 'विचारून दाखव' अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून मी विचारलंच. पुण्याच्या इंजिन कंपनीचे साहेब बारामतीत माझ्या वडिलांचं, आबांचं, मंगल कार्यालय कंपनीच्या बैठकीसाठी बघायला आले होते.

"आधी दर, जेवण, खुर्च्या, लाउडस्पीकर, सगळं लिहून पाठवा," ते हसले.

आबांनी त्याच दिवशी पत्र धाडलं. उत्तर येईना.

"ट्रंक कॉल लावा की," आई म्हणाली.

"मागं लागायला मी काय पोरगी उजवतोय व्हय?"

शेवटी मीच पोस्टात जाऊन फोन लावला. साहेब म्हणाले, "इंदापूरवाल्यांनी दोनदा विचारलं. तुम्ही गप्प, म्हणून कालच त्यांना होकार दिला."

घरी आबा खुर्च्या पुसत होते. मी सगळं सांगितलं. त्यांचं फडकं थांबलं.

"आई, आबा, पुढच्या पत्रानंतर फोन मीच करणार," मी म्हणाले.