उसनी झोप

धाकटी आठवड्याला एकशे चाळीस किलोमीटर धावत असे आणि बुधवारी पूर्ण विश्रांती घेई, अशी प्रशिक्षकांची समजूत होती. त्यांचे म्हणणे ठाम असे. "धावणं म्हणजे नुसतं खोदकाम. भराव पडतो तो झोपेत." म्हणून तिच्या मनगटी घड्याळाने टिपलेली झोप आणि नाडी थेट त्यांच्या मोबाइलवर जाई. मॅरेथॉनच्या संघातले तिचे स्थान त्या आकड्यांवरच ठरायचे होते.

रिकामा दिवस मात्र धाकटीला खायला उठे. म्हणून गेले तीन बुधवार तिने एक शक्कल लढवली होती. बेकरीतली पहाटपाळी संपवून ताई दुपारी दोनला आडवी झाली, की धाकटी आपले घड्याळ तिच्या मनगटावर चढवी आणि नदीच्या पुलावरून अठरा किलोमीटर गुपचूप उरकून येई.

"तुझ्या वाटणीची झोपही मीच काढायची," ताई म्हणे. "उद्या जेवायलाही मलाच बसवशील."

चौथ्या बुधवारच्या आदल्या दिवशी प्रशिक्षकांनी मोबाइल धाकटीपुढे धरला.

"दोन दहा ते साडेतीन. हालचाल शून्य, म्हणजे गाढ झोप. आणि नाडी एकशे बासष्ट?"

"घड्याळ बिघडलं असेल, सर."

"तीन बुधवार, नेमकं त्याच वेळी? उद्याही असंच दिसलं, तर नाव कापतो."

घरी ताई कोमट पाण्यात पाय सोडून बसली होती. दोन्ही टाचांवर फोड आले होते. "भट्टीपाशी उभं राहून असे फोड कधी आले नव्हते गं," ती म्हणाली. "आणि झोपून उठले, की जास्तच दमते."

धाकटीच्या टाचा गुळगुळीत होत्या. तिन्ही बुधवारी धावून आल्यावर तिला थकवा असा आलाच नव्हता, हे तिला आत्ता जाणवले.

बुधवारी तिने घड्याळ ताईला बांधले खरे, पण ती बाहेर पडली नाही. खाटेच्या पायथ्याशी, अनवाणी, ती जागच्या जागी धावू लागली. ताईचा श्वास संथ होता. घड्याळावर छप्पन्न दिसत होते. मग नव्वद. एकशे तीस. ताईच्या कपाळावर घाम आला, पण बोटसुद्धा हलले नाही.

धाकटी थांबली. आकडा हळूहळू उतरत छप्पन्नावर आला.

तिने घड्याळ सोडून स्वतःच्या मनगटावर बांधले, पडदा ओढला आणि ताईशेजारी अंग टाकले. क्षणात तिचे पाय शिशासारखे जड झाले. तीन बुधवारांचा सगळा थकवा एकदमच अंगात उतरला.

जाग आली तेव्हा साडेतीन वाजले होते. मोबाइलवर प्रशिक्षकांचा निरोप होता. "सेहेचाळीस. अशीच झोपत राहा. नाव कायम."

ताई जागीच होती, छताकडे बघत.

"आज पूल लागलाच नाही," ती म्हणाली. "तिथे पोचले की मला फार तहान लागायची."

धाकटीने पुलाबद्दल घरात कधी अवाक्षरही काढले नव्हते.