हाय की थोडं

इंग्रजीच्या बाबतीत मी खडूस माणूस होतो, हे आधीच सांगून टाकतो. मी मूळचा रहिमतपूरचा, पण नोकरी लागली ती सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, कवठेमहांकाळच्या पलीकडल्या एका हायस्कुलात. तिथं नववीच्या वर्गाला मी 'लिटल' आणि 'अ लिटल' यांतला फरक शिकवायचो, आणि ज्याला तो कळत नसे त्याला मी माणसांत धरत नसे.

"मोजता येतं त्याला मेनी आणि फ्यू," मी फळ्यावर खडू आपटून सांगायचो. "माणसं, मेंढरं, हंडे. मोजता येत नाही त्याला मच आणि लिटल. पाणी, पीठ, दूध. आता पुढं 'अ' लावा. 'अ लिटल वॉटर', म्हणजे थोडं का होईना, पाणी आहे, आजचं भागेल. 'अ' काढला की नुसतं 'लिटल वॉटर', म्हणजे असून नसल्यासारखं. 'अ फ्यू' आणि 'फ्यू'चंही तसंच. एवढ्याशा अक्षरानं घागर भरते आणि एवढ्याशा अक्षरानं रिकामी होते, कळलं का गाढवांनो?"

त्र्याहत्तर सालचा मार्च होता. पावसानं सलग दोन वर्षं दडी मारलेली. तालुक्यात परदेशातल्या एका मदत संस्थेचं बोअरचं मशीन आलं होतं. ते लोक वाड्यावस्त्यांवर फुकट बोअर पाडून हापसा बसवून देत होते, पण अर्ज इंग्रजीत लागायचा. आमच्या गावापासून तीन मैलांवर धनगरांची चाळीस घरांची वाडी होती. तिथले जाणते गृहस्थ सिद्धूतात्या एक दिवस शाळेत आले आणि फेटा सारखा करत म्हणाले, "मास्तर, आमचा कागुद तेवढा लिवून द्या. तुमच्याबिगर कोन लिवणार हितं?"

मला असं कुणी म्हटलं की मी फुगायचो. त्याच दुपारी सायकल काढून वाडीवर गेलो.

छापील अर्जात प्रश्न सरळ होते. माणसं किती, जनावरं किती, विहिरीत पाणी किती. माणसांचा आकडा तात्यांनी लगेच दिला, दोनशे दहा. मग मी मेंढरांचं विचारलं.

"हायती थोडी," तात्या म्हणाले.

"थोडी म्हणजे किती?"

तात्यांनी तोंड दुसरीकडं वळवलं. "मेंढरं मोजून सांगत न्हाईत, मास्तर. नजर लागती."

आता अर्जात काय लिहू, कपाळ? इंग्रजीत मेंढरं मोजायची वस्तू आहे, आणि इथं मोजणाराच मोजायला तयार नाही. आकडा नाही तर नाही, मी लिहिलं, 'अ फ्यू शीप'. मग पाण्याचं विचारलं. ते सुलाबाईंना विचारा, असं तात्या म्हणाले, कारण वाडीची विहीर त्यांच्या घरामागं होती आणि पाण्याची वाटणी त्याच बघायच्या. साठीच्या आसपासची बाई, काटक, कपाळावर गोंदलेलं.

"सुलाबाई, विहिरीत पाणी आहे का?"

"हाय की थोडं," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन पितळी तांब्या काठोकाठ भरून घेऊन आल्या. "घ्या, मास्तर. उनातनं आलाय."

उन्हातून आलो होतो खराच. मी अर्धा तांब्या एका दमात संपवला, उरलेलं पाणी तोंडावर मारलं आणि अर्जात लिहिलं, 'देअर इज अ लिटल वॉटर इन द वेल'. दुसऱ्या दिवशी ते वाक्य वर्गाला वाचून दाखवलं. बघा, नियम पाठ असला की असं अचूक लिहिता येतं.

आठ दिवसांनी संस्थेचं उत्तर आलं. सभ्य भाषेत लिहिलं होतं की तुमच्या वाडीत अजून थोडं पाणी आहे हे वाचून समाधान वाटलं, जिथं ते जवळजवळ संपलं आहे अशी गावं आम्हाला आधी घ्यायची आहेत, आणि मशीन शनिवारी जतकडं निघेल. त्या दिवशी गुरुवार होता.

पत्र घेऊन मी वाडीवर गेलो तो तणतणतच. माझी चूक नव्हतीच, असं माझं म्हणणं. सुलाबाई घरात नव्हत्या म्हणून मागं विहिरीकडं गेलो, आणि काठावरनं खाली वाकून बघितलं.

विहीर साठ हात खोल. काठावर सुलाबाई आणि आणखी तीन बायका दोर धरून उभ्या, आणि तळाशी सुलाबाईंची सून रंगुबाई. वाडीतली सगळ्यांत हलकी तीच, म्हणून तिलाच खाली सोडायचे. कातळाच्या भेगेतून पाणी पाझरत होतं आणि ती नारळाच्या करवंटीनं ते खरवडून बादलीत ओतत होती. करवंटी टेकवायची, थांबायचं, पुन्हा टेकवायची. सकाळपासून तीन हंडे भरले होते, आणि ते चाळीस घरांना पुरवायचे होते. मला मी प्यायलेला तांब्या आठवला, आणि तोंडावर मारलेलं पाणी तर जास्तच आठवलं. मला माझीच लाज वाटली, इतकी की तिथं उभं राहवेना.

"सुलाबाई, अहो, पाणी नाही असं सरळ सांगायचं नाही का?" मी म्हणालो. आवाज चढला होता माझा.

"न्हाई कसं म्हनायचं, मास्तर?" त्या शांतपणे म्हणाल्या. "घरातलं पीठ सपलं तरी आमी वाढलं म्हनतो. हिरीला तोंडानं न्हाई म्हटलं, तर ती बी आमाला न्हाई म्हनंल. मी म्हटलं की तुमाला, थोडं हाय म्हनून. आमच्यात कुनाला बी इचारा, थोडं हाय म्हंजी काय त्ये."

म्हणजे सगळ्या वाडीला कळत होतं, तालुक्यात एकट्या मलाच कळलं नव्हतं. माझ्या आईच्या तोंडीही कधी तेल संपलं आलं नाही, वाढलंच यायचं. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी मी घोळ घातला तो घातलाच. व्याकरण माझं बरोबर होतं, पण मी 'अ' लावला होता तो तांब्याकडं बघून.

शुक्रवारी सकाळी शाळेला दांडी मारून मी तात्यांना सायकलवर डबलसीट घेतलं आणि मशीनचा तळ गाठला. तिथला इंजिनिअर मद्रासकडला तरुण होता, उन्हानं करपलेला, शर्टाला ग्रीस लागलेलं. माझा अर्ज त्यानं फायलीतून काढून समोर धरला.

"तुम्ही इंग्रजीचे शिक्षक ना?" त्यानं इंग्रजीत विचारलं. "'अ लिटल' तुम्हीच लिहिलंय. आता मला मशीन वळवायला सांगताय. प्रत्येक गाव असंच येतं."

मी चूक कबूल केली. आयुष्यात पहिल्यांदाच असेल बहुधा. तो थोडा नरमला, पण मला सोडून सरळ तात्यांकडं वळला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "पानी कितना है?"

माझा जीव टांगणीला लागला. तात्यांनी फेटा काढला, हातात धरला, आणि म्हणाले, "हाय थोडं."

झालं! इंजिनिअरनं माझ्याकडं बघितलं. 'थोडा' त्याला हिंदीतनं कळत होतं.

मी तात्यांना म्हणू शकलो असतो, की एकदा नाही म्हणा आणि मोकळे व्हा. ओठांवर आलंही होतं. पण म्हाताऱ्यानं फेटा छातीशी धरला होता, आणि तो हे सुखासुखी म्हणत नव्हता, हे मला आता दिसत होतं. मी इंजिनिअरला म्हणालो, "सर, हे म्हणतायत 'लिटल'. 'अ लिटल' नाही. तो 'अ' माझा होता. माझ्यावर विश्वास ठेवू नका, पण एकदा येऊन बघा. नसलं तसं, तर मला तिथंच सोडून या, मी चालत येईन."

त्यानं फाईल मिटून काखेला मारली. मग त्यानं टोपी डोक्यावर चढवली आणि जीपकडं निघाला.

वाडीत पोचलो तर सुलाबाई दारातच उभ्या. पाहुणा दिसला तशा त्या आत वळल्या, आणि त्या काय आणणार ते मला कळलं. तोच तांब्या, तसाच काठोकाठ. इंजिनिअरनं तो हातात घेतला. घसा त्याचाही सुकला होता. मी आडवा आलो.

"सर, आधी विहीर. पाणी नंतर प्या."

सुलाबाईंना राग आला असावा. पाहुण्याच्या तोंडाशी आलेलं पाणी कुणी अडवतं का? पण मी त्याचं मनगट धरलं होतं ते सोडलं नाही. तो तांब्या घेऊन काठापर्यंत आला आणि खाली वाकून बघू लागला. रंगुबाई करवंटी टेकवत होती, थांबत होती, पुन्हा टेकवत होती. एक करवंटी भरेपर्यंत तो उभा राहिला. मग दुसरी. मग त्यानं हातातल्या तांब्याकडं पाहिलं, सावकाश चालत जाऊन तो शेजारच्या हंड्यात ओतला, आणि तांब्या दोन्ही हातांनी सुलाबाईंना परत दिला.

"मेंढरं किती?" त्यानं मला विचारलं.

वाडीमागच्या ओसाड रानात ती उभी होती, काळी-पांढरी, मातीत तोंड घालून. मी मोजली नाहीत. "मेनी, सर," एवढंच म्हणालो.

त्यानं फायलीतून माझा अर्ज काढला, खिशातलं पेन उघडलं, आणि पाण्याच्या वाक्यातल्या त्या 'अ'वर स्वतःच्या हातानं काट मारली. पुढं सही केली. मी पोरांच्या वह्यांवर अशा हजारो काटा मारल्या असतील, पण स्वतःच्या वाक्यावर बसलेली काट बघून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

शनिवारी मशीन जतला गेलं नाही, वाडीवर आलं. दोन दिवस नुसती धूळ उडत होती. सोमवारी दुपारी, दोनशे फुटांच्या खाली, आधी ओला चिखल आला आणि मग पाणी. धो धो नाही, मनगटाएवढी धार. इंजिनिअर जरा खट्टू झाला. "फार नाही लागलं," तो मला म्हणाला. "ओन्ली अ लिटल."

"'अ' आहे ना, सर?" मी विचारलं.

तो हसला. "आहे. हापशाला पुरेल."

हापसा बसला तेव्हा मी मुद्दाम वर्ग घेऊन गेलो वाडीवर, नववीची सगळी पोरं चालवत. रंगुबाई हापसत होती आणि बायका रांगेत हंडे लावत होत्या. विहिरीवरचा दोर गुंडाळून कुडाला अडकवला होता. सुलाबाई मला बघून हसल्या.

"काय सुलाबाई, पाणी कसं आहे आता?"

"हाय की थोडं," त्या म्हणाल्या, आणि तांब्या भरून पुढं केला.

पोरं माझ्याकडं बघत होती, मास्तर आता काय शिकवतात म्हणून. मी काही शिकवलं नाही. तांब्या घेतला आणि सगळा प्यायलो.